टॉर्कचा आकडा खरा केव्हा? कोरडे आटे, तेलकट आटे आणि बोल्टमधला ताण

बोल्ट किती आवळावा याबद्दल वाचकांचा एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. मॅन्युअलमध्ये 50 न्यूटन मीटर असा आकडा दिलेला असतो, टॉर्क पानाही हाताशी असतो. पण आट्यांना तेल लावून आवळायचे की कोरडेच, हे कुठे सांगितलेले सापडत नाही. एक मिस्त्री म्हणतो, तेल लावा, म्हणजे पुढच्या वेळी सहज खुलेल. दुसरा म्हणतो, तेल लावले तर नट ढिला होईल. तिसऱ्याच्या मते आकडा तोच असल्यामुळे काही फरक पडत नाही.

फरक पडतो आणि तो मोठा असतो. आकडा तोच ठेवून नुसते तेल लावले तर बोल्ट एक तृतीयांशाने जास्त ताणला जाऊ शकतो. चाकाचा स्टड किंवा इंजिनातला बोल्ट असेल तर एवढ्याने तो लांबतो, आटे जातात किंवा काही महिन्यांनी तुटतो. म्हणून टॉर्क पाना हातात घेण्याआधी काय ठरवायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि काम दुसऱ्याकडून करून घेताना काय विचारायचे, ते इथे पाहू.

टॉर्क पाना नेमके काय मोजतो?

दोन भाग घट्ट धरून ठेवण्याचे काम बोल्टमधला ताण करतो. नट आवळत गेलात की बोल्ट किंचित लांबतो आणि पुन्हा आखूड व्हायला पाहतो. त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. हे लांबणे फार थोडे असते. 10 मिलिमीटर जाडीचा बोल्ट 50 मिलिमीटर जाडीचे भाग धरून बसला असेल, तर नीट आवळल्यावर तो सुमारे एक दशांश मिलिमीटरच लांबतो.

टॉर्क पाना हा ताण मोजत नाही. नट फिरवायला किती जोर लागतो, एवढेच तो सांगतो. त्या जोराचा बराच मोठा भाग घर्षण खाऊन टाकते. कोरड्या, स्वच्छ बोल्टवर लावलेल्या जोराची साधारण वाटणी अशी होते:

- सुमारे निम्मा जोर नटाचा किंवा बोल्टच्या डोक्याचा तळ आणि वॉशर यांच्या घासण्यात जातो.
- सुमारे 40 टक्के जोर आट्यांच्या घासण्यात जातो.
- उरलेले 10 ते 12 टक्के तेवढे बोल्ट ताणण्याच्या कामी येतात.

तेलाचा सगळा परिणाम या वाटणीतून येतो. घर्षणाचा वाटा इतका मोठा आहे की त्यात थोडी जरी घट झाली, तरी ताणाच्या छोट्या वाट्यात मोठी वाढ होते.

एक उदाहरण आकड्यांसह

वर्कशॉपमध्ये, पंपाच्या बेसवर, शेतीच्या अवजारांवर सर्रास सापडणारा एम 10 बोल्ट घेऊ. आट्यांचे अंतर 1.5 मिलिमीटर आणि डोक्यावर 8.8 असा शिक्का. हा बोल्ट कायमचा न लांबता सुमारे 33.6 किलोन्यूटन ताण सोसतो, म्हणजे जवळजवळ साडेतीन टन वजन. नेहमीच्या कामात या मर्यादेच्या 75 टक्क्यांपर्यंत आवळतात. म्हणजे आपल्याला सुमारे 25 किलोन्यूटन ताण हवा आहे.

हिशेबाचे सूत्र सोपे आहे:

T = K × d × F

यात T म्हणजे टॉर्क, d म्हणजे बोल्टची जाडी मीटरमध्ये आणि F म्हणजे ताण न्यूटनमध्ये. K या गुणकात घर्षणाचा सगळा परिणाम येतो. नव्या, कोरड्या, मुलामा नसलेल्या पोलादी बोल्टसाठी K साधारण 0.20 धरतात. 0.20 × 0.010 × 25,000 हा गुणाकार 50 येतो. मॅन्युअलमधला 50 न्यूटन मीटर हा आकडा असा तयार होतो.

आता पाना 50 वरच ठेवा आणि फक्त आट्यांची स्थिती बदला:

- गंजलेले, कोरडे आटे (K सुमारे 0.30): ताण सुमारे 17 किलोन्यूटन. पाना ‘टक’ करतो, पण बोल्ट हवा त्याच्या दोन तृतीयांशच आवळलेला असतो.
- स्वच्छ, कोरडे आटे (K 0.20): 25 किलोन्यूटन. हाच हवा होता.
- इंजिन ऑइल लावलेले आटे आणि तळ (K सुमारे 0.15): 33 किलोन्यूटन. बोल्ट मर्यादेला जवळजवळ टेकला.
- मॉलिब्डेनमचे ग्रीस किंवा तशीच पेस्ट (K सुमारे 0.12): हिशेबाने जवळपास 42 किलोन्यूटन. या बोल्टचे पोलाद सुमारे 37 वरच कायमचे लांबायला लागते, म्हणून इथे बोल्ट वाया गेला असेच समजा.

पाना, हात आणि आकडा तेच असताना ताण 17 पासून 42 पर्यंत बदलला. खरे तर शेवटची स्थिती आकड्यांत दिसते त्याहून वाईट असते. आवळताना बोल्ट ताणला जातो तसा पिळलाही जातो, त्यामुळे त्याची मर्यादा थोडी आधीच येते.

तेलाने आत काय घडले तेही पाहा. कोरड्या बोल्टवर 50 पैकी सुमारे 44 न्यूटन मीटर घर्षणात गेले आणि 6 ताणण्याच्या कामी आले. तेल लावल्यावर घर्षणात 42 गेले आणि ताणायला 8 मिळाले. घर्षणाकडून फक्त 2 न्यूटन मीटर सुटले, पण 6 चे 8 झाले म्हणजे ताण एक तृतीयांशाने वाढला. ‘दोन थेंबांनी काय होणार’ या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

75 टक्क्यांवर का थांबायचे?

टॉर्कवरून ताण कधीच अचूक मिळत नाही. त्याच खोक्यातले बोल्ट, तोच पाना आणि तोच माणूस असला, तरी प्रत्यक्ष ताण 25 ते 30 टक्के इकडेतिकडे होतो. आट्यांचा पृष्ठभाग, मुलाम्याची जाडी, वॉशरवरचा खडबडीतपणा यांतले बारीक फरक त्याला पुरेसे असतात. हे गृहीत धरूनच वर मोकळी जागा ठेवलेली असते.

तेल लावूनही आकडा तोच ठेवलात तर ती सगळी जागा तेल खाऊन टाकते. नेहमीचा फरक मग थेट मर्यादेच्या पलीकडे जातो. ‘मी दहा वेळा तेल लावून आवळले, काही झाले नाही’ असे सांगणारे भेटतात, आणि त्या दहा वेळा तसे घडलेही असेल. अकराव्या वेळी सुरक्षेसाठी मात्र काहीच शिल्लक नव्हते.

पहिला निर्णय: तेल लावायचे की नाही?

हा निर्णय पुढील क्रमाने घ्या. पहिली जी पायरी लागू होईल तिथेच थांबा.

1. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिले असेल तर तेच करा. ‘आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइल लावा’ असे लिहिले असेल, तर दिलेला आकडा तेल गृहीत धरूनच काढलेला आहे. तिथे तेल न लावणे हीदेखील चूकच, कारण बोल्ट ढिला राहतो. इंजिनच्या हेडचे बोल्ट हे याचे नेहमीचे उदाहरण.

2. चाकाचे नट असतील तर स्वच्छ आणि कोरडे ठेवा. कारच्या चाकांसाठी दिलेला आकडा सहसा कोरड्या आट्यांचा असतो. नटाच्या उतरत्या तोंडाला आणि चाकाच्या भोकातल्या बैठकीला तेल, ग्रीस किंवा रंग लागू देऊ नका. काही जड ट्रकांच्या सपाट तळाच्या, वॉशर जोडलेल्या नटांना मात्र उत्पादकच ठरावीक ठिकाणी दोन थेंब तेल सांगतात. तुमच्या वाहनाच्या पुस्तकात तसे असेल तरच ते करा.

3. बोल्टवर कारखान्यातच काही लावलेले असेल तर ते तसेच राहू द्या. काही बोल्टच्या आट्यांवर रंगीत, चिकट लेप असतो, काहींवर मेणासारखा थर. तो घर्षण ठरवण्यासाठी किंवा बोल्ट सुटू नये म्हणून दिलेला असतो. त्यावर वेगळे तेल घालू नका आणि तो धुऊनही काढू नका.

4. मॅन्युअल काहीच सांगत नसेल तर आकडा कोरड्या आट्यांचा समजा. इथे कोरडे म्हणजे कारखान्यातून आले तसे. नव्या बोल्टवर गंज लागू नये म्हणून असलेला पुसट थर चालतो. वरून ओतलेले तेल चालत नाही.

5. आटे जाम होण्याची खरी भीती असेल तर तेल किंवा पेस्ट लावा, पण आकडा कमी करा. स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आटे एकमेकांत रुतून बसतात, तिथे वंगण जवळपास सक्तीचेच असते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत उघड्यावर असलेले बोल्ट, सायलेन्सरजवळ तापणारे बोल्ट यांनाही पेस्ट लावणे शहाणपणाचे असते. आकडा किती कमी करायचा ते पुढे पाहू.

आकडा किती कमी करावा?

सूत्रातून उत्तर थेट मिळते. ताण तोच हवा असेल तर टॉर्क K च्या प्रमाणात कमी करायचा. साध्या इंजिन ऑइलसाठी K 0.20 वरून 0.15 वर येतो, म्हणून आकड्याचा चौथा हिस्सा वजा करा. 50 चे सुमारे 38 होतील. पेस्ट वापरणार असाल तर तिच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात K दिलेला आहे का ते पाहा. तो 0.12 असेल तर 50 चे 30 होतील. वेगवेगळ्या पेस्टचे गुणक वेगवेगळे असतात, त्यामुळे एका डब्याचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

मॅन्युअल नसलेल्या साध्या कामांसाठी, म्हणजे पोलादात पोलादी बोल्ट, नेहमीचे जाड आटे आणि डोक्यावर 8.8 असेल तर, पुढचे आकडे याच हिशेबातून आलेले आहेत. सर्व न्यूटन मीटरमध्ये:

- एम 6: कोरडा 10, तेल लावून 8
- एम 8: कोरडा 25, तेल लावून 19
- एम 10: कोरडा 50, तेल लावून 38
- एम 12: कोरडा 88, तेल लावून 66

हे आकडे ब्रेक, स्टिअरिंग, चाके किंवा इंजिनाच्या आतल्या बोल्टसाठी वापरू नका. तिथे उत्पादकाचाच आकडा हवा. अॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टसाठीही ते चालणार नाहीत, कारण तिथे बोल्ट तुटण्याआधी भोकातले आटे उपटून येतात. दुचाकीचे इंजिन कव्हर आणि ऑइल काढायचा बोल्ट यांत हे सर्वांत जास्त घडते. ऑइलच्या बोल्टला तेल लागलेले असणारच, हे आकडा देणाऱ्याला माहीत असते. तिथे वेगळी वजाबाकी करू नका. पुस्तकातला आकडा आणि नवीन वॉशर एवढे पुरे आहे.

स्पार्क प्लगबद्दलही वारंवार विचारणा होते. मुलामा दिलेल्या प्लगच्या आट्यांना पेस्ट लावण्याची गरज नसते, कारण तो मुलामाच आटे जाम होऊ देत नाही. तरीही लावलीत तर टॉर्क सुमारे 30 टक्क्यांनी कमी करावा लागतो, नाहीतर प्लगचा गळा ताणला जातो.

आवळण्याची पद्धत

1. आटे साफ करा. तारेच्या ब्रशने गंज आणि जुना लेप काढा, पुसून कोरडे करा. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मध्येच अडकत असेल तर बोल्ट लांबलेला आहे किंवा आटे खराब आहेत. तो बदला.

2. बंद भोक कोरडे करा. भोक आरपार नसेल आणि तळाशी तेल किंवा पाणी साचले असेल, तर बोल्ट खाली जाताना त्या द्रवाला सुटायला वाट राहत नाही. मग बोल्ट पूर्ण बसण्याआधीच पाना ‘टक’ करतो, आणि बीडाचा ब्लॉक असेल तर तो आतून तडकूही शकतो. म्हणून आधी भोक हवेने साफ करा आणि तेल लावायचे असेल तर बोल्टला लावा, भोकात ओतू नका.

3. तेल सांगितले असेल तर दोन्ही ठिकाणी लावा. निम्मे घर्षण डोक्याखाली असते हे लक्षात ठेवा. फक्त आट्यांना तेल लावले आणि तळ कोरडा राहिला, तर आपल्या उदाहरणातला ताण 33 ऐवजी 28 किलोन्यूटनच्या आसपास येतो. थेंब पसरवून पातळ थर करा, ओघळ नको.

4. आधी हाताने, मग दोन-तीन टप्प्यांत आवळा. आपल्या उदाहरणात 20, 35 आणि 50 असे टप्पे चालतील. चाकाचे नट समोरासमोर आवळा. एकाच बाजूने गोल गेलात तर चाक तिरके बसते.

5. पाना मुठीच्या खुणेवर धरा आणि सावकाश ओढा. झटका देऊ नका. ‘टक’ झाले की थांबा. खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढले की नट आणखी फिरतो.

6. डोक्यावरून भागापर्यंत रंगाची एक रेघ ओढा. बोल्ट नंतर फिरला तर ती तुटलेली दिसेल.

7. चाक काढून बसवले असेल तर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. रंगाचा किंवा गंजाचा पातळ थर दबला की ताण उतरतो.

मॅन्युअलमध्ये ‘अमुक टॉर्क आणि नंतर 90 अंश’ असे असेल, तर दुसऱ्या टप्प्यात टॉर्कचा आकडा शोधू नका. पहिल्या छोट्या टॉर्कने भाग एकमेकांना टेकवायचे असतात. पुढे बोल्ट किती लांबवायचा ते कोनाने ठरते, आणि कोनाचे गणित आट्यांच्या अंतरावर चालते. एम 10 चा नट पाव फेरा फिरला की 0.375 मिलिमीटर पुढे जाणारच, आटे तेलकट असोत वा कोरडे. घर्षणाचा गोंधळ टाळण्यासाठीच हेडच्या बोल्टना ही पद्धत वापरतात. अशा पद्धतीचे पुष्कळसे बोल्ट मुद्दाम कायमचे लांबवलेले असतात. पुस्तकात ‘नवीन वापरा’ असे लिहिले असेल तर जुना पुन्हा बसवू नका.

पान्यामुळे होणाऱ्या चुका

- एकक: जुन्या पुस्तकांत किलोग्रॅम मीटर, काही पान्यांवर फूट पाउंड असते. 1 किलोग्रॅम मीटर म्हणजे 9.8 न्यूटन मीटर आणि 1 फूट पाउंड म्हणजे 1.36 न्यूटन मीटर. 50 न्यूटन मीटरच्या जागी पाना 50 फूट पाउंडवर लावला तर टॉर्क 68 न्यूटन मीटर होतो. वर तेलही असेल तर तो बोल्ट गेलाच.
- टोकाला जोडलेला पाना: सॉकेटची सरळ एक्स्टेंशन लावल्याने आकडा बदलत नाही. पण पान्याच्या टोकाला पुढे जाणारा जोड लावला की पाना लांब होतो. पान्याची लांबी 40 सेंटिमीटर आणि जोड 5 सेंटिमीटर असेल, तर 50 च्या जागी 50 × 40 ÷ 45, म्हणजे सुमारे 44 लावा. तोच जोड पान्याला काटकोनात लावला तर ही दुरुस्ती लागत नाही.
- पान्याचा पल्ला: 200 पर्यंतच्या पान्यावर 10 न्यूटन मीटर मोजू नका. पल्ल्याच्या खालच्या पाचव्या हिश्श्यात तो भरवशाचा नसतो.
- ठेवण्याची पद्धत: ‘टक’ करणारा पाना काम झाल्यावर खालच्या आकड्यावर आणून ठेवा. त्याने बोल्ट खोलू नका. कामाच्या ठिकाणी वापरत असाल तर दर 12 महिन्यांनी किंवा 5000 वेळा वापरल्यावर, जे आधी येईल तेव्हा, तपासून घ्या.
- आधीच आवळलेला नट: गनने प्रमाणाबाहेर आवळलेल्या नटावर नंतर टॉर्क पाना लावला तर तो लगेच ‘टक’ करतो. आकडा बरोबर आहे असे त्यावरून ठरत नाही. नट पूर्ण सैल करून पुन्हा आवळा, तरच मोजमाप खरे.

बोल्ट काय सांगतो?

आवळताना जोर वाढत जायला हवा. नट फिरतो आहे पण जोर तेवढाच राहिला किंवा कमी झाला, तर तिथेच थांबा. एकतर बोल्ट लांबतो आहे किंवा आटे जात आहेत. काढलेला बोल्ट नव्याच्या शेजारी ठेवून लांबी पाहा, आट्यांच्या मध्ये कुठे बारीक झालेली कंबर दिसते का तेही पाहा.

ताण कमी पडल्याच्या खुणा वेगळ्या असतात. वॉशरच्या कडेने तांबूस भुकटी दिसते, डोक्याखाली घासून चकाकी येते, रंगाची रेघ तुटते. चाकाचा स्टड तुटला की ‘जास्त आवळला असेल’ असे सहसा म्हटले जाते. पण पुष्कळदा तो आधी ढिला राहिलेला असतो, आणि प्रत्येक फेऱ्याला वाकत वाकत थकून तुटतो. तुटलेल्या तोंडावर एका कडेपासून पसरत गेलेल्या गुळगुळीत लाटा आणि उरलेला भाग खडबडीत दिसला, तर तो असा थकून तुटला आहे. एकच स्टड बदलून पुढे जाऊ नका. शेजारच्यांनीही तोच मार खाल्लेला असतो, म्हणून त्या चाकाचे सगळे स्टड तपासून घ्या.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

काम दुसऱ्याकडून करून घेताना तुम्ही ग्राहक आहात आणि पुढचे प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे:

- या बोल्टचा आकडा किती आहे आणि तो कोरडा की तेल लावून? पुस्तकातले पान दाखवता का?
- शेवटचे आवळणे गनने होणार की टॉर्क पान्याने? गनने नट नुसते लावून घ्यायला हरकत नाही, शेवट पान्याने व्हावा.
- टॉर्क पाना शेवटचा कधी तपासला होता?
- कोणते बोल्ट नवीन घातले? बिलात त्यांची नोंद आहे का?

हेडचे किंवा चाकांचे काम असेल तर वापरलेला टॉर्क जॉब कार्डवर लिहून मागा. काम बिघडले तर जॉब कार्ड, बिल, तुटलेला बोल्ट आणि फोटो जपून ठेवा. तुटलेला भाग गॅरेजला परत देऊ नका, कारण तुटण्याचे कारण त्याच्या तोंडावर दिसते. आधी गॅरेजकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर बोला. चुकीची दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

तुम्ही स्वतः काम करत असाल तर वहीत प्रत्येक बोल्टसमोर तीन गोष्टी लिहा: आकडा, त्याचे एकक आणि आटे कोरडे होते की काय लावले होते. तिसरी नोंद नसेल, तर पुढच्या वेळी तो बोल्ट आवळणाऱ्याला पहिल्या आकड्यावरून ताण किती येईल हे ठरवता येणार नाही.